घर रंगवून घेतलेल्या कस्टमरला कॅमेऱ्यासमोर काय विचारायचं आणि शूट कसं करायचं

नाशिकला आमची घरं रंगवून द्यायची सर्व्हिस आहे, तीन टीम आहेत. वेबसाइटसाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला कस्टमरचे व्हिडिओ घ्यायचेत, फोनवरच, वेगळं बजेट नाही. एका काकांचा घेतला पण 'काम चांगलं केलं, टायमावर केलं, सगळ्यांनी यांच्याकडूनच करून घ्या' एवढं २० सेकंदात बोलून ते थांबले, आणि भिंतीचा कलर पण व्हिडिओत वेगळाच दिसतोय. प्रश्न कसे काढायचे आणि शूटिंगचा साधा प्लॅन कसा करायचा?

काकांचं काही चुकलेलं नाही. तुम्ही बहुतेक 'आमचं काम कसं वाटलं' असं विचारलं असणार, आणि घरी आलेल्या माणसाने समोर बसून असं विचारलं की आपल्याकडे कुणीही 'छान' असंच म्हणतं, त्यापुढे बोलायला त्या प्रश्नात काही उरतच नाही. मी पुण्यात छोट्या सर्व्हिसवाल्यांसाठी असे व्हिडिओ बरीच वर्षं करते, त्यात पेंटिंगवाले पण बरेच, आणि त्यांच्या कस्टमरांशी बोलून बोलून मला एक गोष्ट कळली ती आधी सांगते, कारण सगळे प्रश्न तिथूनच निघतात. घराला रंग काढायचा विचार करणारा माणूस तुमचा व्हिडिओ बघतो तेव्हा भिंत चांगली दिसेल की नाही ही त्याची मोठी शंका नसते, नवा रंग लागला की भिंत चांगली दिसते हे त्याला माहितीय. त्याला भीती असते ती मधल्या आठ-दहा दिवसांची. घरात राहतोय आपण, आणि चार अनोळखी पोरं दिवसभर घरात, कपाटं भिंतीपासून ओढलेली, पुट्टी घासल्याची धूळ गाद्यांवर, आईला दमा, पहिल्यांदा सांगितलेलं बिल शेवटी किती होईल, आणि दसऱ्याला सुरू केलेलं काम दिवाळीत अर्धवट ठेवून पेंटर दुसऱ्या साइटवर गेला तर काय. तुमच्या कस्टमरने या दिवसांतून जाऊन बघितलंय, म्हणून त्याच्याकडून हेच बोलून घ्यायचं.

आता विचारणार कोण हे आधी ठरवा. तुम्ही स्वतः विचारू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मालक समोर असला की माणूस भिडेखातर बोलतो, आणि जे अडलं ते गिळून टाकतो. तुमची बहीण, पुतण्या, ऑफिसमध्ये फोन घेणारी मुलगी, कुणीही चालेल ज्याला ऐकायची सवय आहे आणि ज्याने त्या घरातलं काम बघितलेलं नाही. न बघितलेलं असणं उपयोगाचं पडतं, कारण मग कस्टमरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तुम्ही आणि सुपरवायझर त्या वेळात खाली चहाला जा.

प्रश्न आधी लिहून पाठवायचे नाहीत. पाठवले की लोक उत्तरं पाठ करतात, आणि मग घरात 'अगं ते पुट्टी घासायच्या दिवशी काय झालं' असं बोलणारी बाई कॅमेऱ्यासमोर 'त्यांची सेवा अत्यंत समाधानकारक होती' असं बोलायला लागते. फक्त विषय सांगा फोनवर, की काम चालू होतं ते दिवस कसे गेले त्याबद्दल गप्पा मारायच्यात, तास-दीड तास लागेल, पाठ काही करू नका.

एक खरं उदाहरण घेऊनच प्रश्न सांगते. सिंहगड रोडवर एक टू बीएचके होतं, शाळेतून रिटायर झालेल्या काकू, काका, आणि ऐंशीच्या पुढच्या सासूबाई, तिघंही काम चालू असताना घरातच राहिले, ९ दिवस. काकूंना पेंटिंगवाल्या मालकाने आधी स्वतः विचारून बघितलं होतं आणि तुमच्या काकांसारखंच २० सेकंदांचं उत्तर मिळालं होतं. मी गेले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, 'रंग काढायचं किती दिवस पुढे ढकलत होता, आणि कशामुळे?' त्यावर काकू लगेच म्हणाल्या की चार वर्षं, सासूबाईंचा पलंग खिडकीपाशी आहे, त्या दुसरीकडे झोपतच नाहीत, तो हलवायचा कसा या एका गोष्टीसाठी आम्ही दर दिवाळीला पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करत राहिलो. हे एक वाक्य मिळालं की व्हिडिओ सुरू कुठून करायचा ते ठरलं, कारण घरात म्हातारं माणूस असलेला प्रत्येक जण इथे थांबून ऐकणार.

प्रश्नात 'कसं' आणि 'कशामुळे' ठेवा, आणि शक्यतो एखादा ठराविक दिवस किंवा वेळ ठेवा. 'टीमची वागणूक कशी होती' याला उत्तर 'चांगली' येतं. 'सकाळी पोरं आली की पहिलं काय करायची?' याला काकूंनी सांगितलं की आधी चपला बाहेर, मग फरशीवर कागद, त्यावर प्लास्टिक, टीव्ही आणि देव्हारा चादरीने झाकून टेपने बंद, आणि हे रोज, पहिल्या दिवशीच नाही. वागणूक चांगली होती हे त्यात आपोआप आलंच, शिवाय ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसलं. तसंच 'स्वच्छता ठेवली का' असं न विचारता 'पुट्टी घासली त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाक कुठे केलात?' असं विचारा, कारण सगळ्यात जास्त धूळ त्याच दिवशी उडते आणि त्या दिवसाची आठवण प्रत्येकाकडे असतेच. काकू म्हणाल्या, किचन त्यांनी शेवटी ठेवलं होतं आणि दार प्लास्टिकने बंद केलं होतं, तरी डब्यांवर पातळ थर आलाच, दुसऱ्या दिवशी पुसले. 'तरी थर आलाच' हे वाक्य मालकाला काढायचं होतं. मी ठेवायला लावलं. घरात राहून रंग काढलेल्या कुणालाही माहितीय की थोडी धूळ येतेच, आणि अजिबात आली नाही म्हणणाऱ्याचं पुढचं पण कुणी खरं धरत नाही.

मग येतो तो प्रश्न जो विचारायला सगळे घाबरतात, 'कामात अडलं कुठे, आणि मग काय केलं?' काकूंच्या हॉलला त्यांनी शेडकार्डवरून फिकट राखाडी निवडला होता. पहिला हात मारल्यावर भिंत निळसर दिसायला लागली, काकू म्हणाल्या मला रात्रभर झोप नाही, हॉस्पिटलसारखं वाटत होतं. त्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे, तिथून येणारा उजेड निळसर असतो आणि फिकट राखाडीवर तो लगेच कळतो, शिवाय कार्डवरचा दोन इंचाचा तुकडा आणि अख्खी भिंत यात फरक पडतोच. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने तीन शेडचे दोन-दोन फुटांचे पॅच भिंतीवर लावले आणि सांगितलं सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री ट्यूब लावून बघा, मग ठरवा. एक दिवस गेला आणि जास्तीचा डबा लागला. ही सगळी हकिगत काकूंनी दोन मिनिटं सांगितली, आणि अख्ख्या व्हिडिओत तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली, नंतर फोन करणारे लोक मालकाला 'तुम्ही तो पॅच लावून दाखवता ना?' असं विचारायला लागले.

पैशांचं पण विचारा. 'पहिल्यांदा सांगितलेला आकडा आणि शेवटचं बिल यात काय फरक पडला, कशामुळे?' आकडा कॅमेऱ्यावर सांगायची गरज नाही, फरक कशामुळे पडला ते सांगितलं तरी पुरे. काकूंच्या घरी कपाट हलवल्यावर मागे पोपडे निघालेला भाग सापडला, तो खरवडून परत पुट्टी करावी लागली, त्याचे पैसे वाढले, पण हात लावायच्या आधी फोटो काढून दाखवला आणि विचारलं. हे त्यांनी सांगितल्यावर मालकाच्या लक्षात आलं की आपल्या सुपरवायझरची ही सवय किती मोलाची आहे. आणि फरक पडल्याचं कारण कस्टमरला सांगताच येत नसेल तर त्या घरी व्हिडिओचा नाद सोडा आणि आधी तो हिशोब बसून समजावा.

शेवटचा प्रश्न शिफारशीचा. 'तुम्ही आमचं नाव सुचवाल का' असं विचारूच नका, ते मागून घेतल्यासारखं वाटतं. त्याऐवजी, 'तुमच्या बहिणीच्या घरी पण म्हातारं माणूस आहे आणि तिला रंग काढायचाय, तर तिला काय तयारी ठेव म्हणाल?' काकूंनी सांगितलं की औषधांचा डबा आणि आठवड्याचे कपडे वेगळे काढून ठेव, एक खोली पूर्ण होऊन वास गेल्याशिवाय दुसरी सुरू करू देऊ नकोस, आणि हो, या पोरांना आधी सांगितलं की ते ऐकतात. शिफारस आली की नाही त्यात, आणि ऐकणाऱ्याला कामाचं काहीतरी मिळालं पण.

एवढे सहा-सात प्रश्न बास. विचारण्याची पद्धत मात्र सांभाळावी लागते. सुरुवातीलाच सांगून ठेवा की माझा आवाज व्हिडिओत नसणार, त्यामुळे पूर्ण वाक्यात बोला, 'चार वर्षं' एवढंच न म्हणता 'रंग काढायचं आम्ही चार वर्षं पुढे ढकललं' असं. बोलताना तुम्ही 'हो हो', 'बरोबर' करू नका, नुसती मान हलवा, नाहीतर तुमचा आवाज त्यांच्या वाक्यावर चढतो आणि एडिटला ते वाक्य वापरता येत नाही. उत्तर संपलं असं वाटलं की मनात तीन आकडे मोजा. त्या शांततेत माणूस बऱ्याचदा अजून एक वाक्य बोलतो आणि तेच कामाचं असतं, पलंगाचं पण काकूंनी तसंच पुढे सांगितलं होतं, की शेवटी पलंग खोलीच्या मधोमध आणून सासूबाई त्यावरच बसून राहिल्या आणि पोरांनी एक भिंत झाली की पलंग फिरवून दुसरी केली. एखादं चांगलं वाक्य अडखळत आलं तर 'परत बोला' म्हणू नका, मग ते पाठ केल्यासारखं होतं, पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूने विचारा, 'ते पलंगाचं मला नीट कळलं नाही, पहिल्या दिवशी काय केलं नक्की?'

आता शूटिंगकडे येऊ, आणि तुमच्या कलरच्या प्रश्नाकडे, कारण पेंटिंगच्या व्हिडिओत बाकी सगळं जमलं आणि भिंतीचा रंग खोटा दिसला तर काय उपयोग. हे दोन-तीन कारणांनी होतं. फोनचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर असते, आणि फ्रेममध्ये एकाच रंगाची मोठी भिंत आली की फोनला वाटतं उजेडच त्या रंगाचा आहे, मग फोन तो रंग कमी करायला बघतो, म्हणून पिवळी भिंत फिकट पडते आणि माणसाचा चेहरा निळसर होतो, आणि माणूस हलला की मधेच रंग बदलतो पण. दुसरं, खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा दोन्ही चालू असले तर भिंतीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे गडद रंगाची भिंत स्वतःच्या रंगाचा उजेड शेजारच्या माणसावर फेकते. हिरव्या भिंतीला खेटून माणूस बसवला की त्या बाजूचा गाल हिरवट दिसतो.

उपाय साधे आहेत. घरातले सगळे दिवे बंद करा आणि एकाच खिडकीच्या उजेडात शूट करा, थेट ऊन येत नाही अशी खिडकी आणि वेळ बघून, म्हणजे पूर्वेची खिडकी असेल तर दुपारनंतर. माणूस खिडकीकडे तिरका तोंड करून बसवा, खिडकी त्याच्या मागे कधीच नाही, आणि मागच्या भिंतीपासून निदान चार-पाच फूट पुढे. खिडकीच्या समोरच्या बाजूला गडद भिंत असेल तर फ्रेमच्या बाहेर खुर्चीवर पांढरी चादर लटकवा, तिने चेहऱ्याची अंधारी बाजू पण उजळते आणि भिंतीचा रंग गालावर येत नाही. अँड्रॉइडला प्रो व्हिडिओ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा, दिवसाच्या उजेडाला ५५०० च्या आसपास, आणि पहिले पाच सेकंद माणसाच्या हातात पांढरा कागद देऊन शूट करा, म्हणजे नंतर रंग जुळवायला आधार मिळतो. आयफोनला चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की AE/AF LOCK येतं, त्याने उजेड आणि फोकस हलायचे थांबतात. दिवे लावावेच लागले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच एलईडी तिच्याबरोबर लुकलुकतात, शटर जुळलं नाही की भिंतीवर आडवे पट्टे सरकताना दिसतात. फ्रेम रेट २५ मिळत असेल तर तोच घ्या. शेवटी भिंतीचा फोनवरचा शॉट आणि प्रत्यक्ष भिंत शेजारी धरून बघा, तिथेच, घरी आल्यावर नाही.

उजेडाची अजून एक गंमत पेंटर लोकांना माहिती असतेच, की भिंतीला चाटून जाणारा तिरका उजेड पुट्टीच्या लाटा आणि रोलरचे पट्टे सगळे दाखवतो. तुमची भिंत खरंच चांगली झाली असेल तर एक शॉट मुद्दाम त्या तिरक्या उजेडात घ्या, ज्याला कामातलं कळतं तो त्या एका शॉटवर विश्वास ठेवेल. पण जुन्या बिल्डिंगच्या वाकड्या भिंतीला तो शॉट नको, तिथे भिंत सरळ करायचं काम तुम्ही घेतलेलंच नसतं.

आवाजाचं थोडक्यात. फरशी आणि मोकळ्या भिंतींची खोली घुमते. म्हणून कॅमेऱ्याच्या मागे आणि माणसाच्या पायाशी गादी, रजई, सतरंजी जे मिळेल ते टाका, व्हिडिओत दिसत नाही आणि घुमणं बरंच कमी होतं. पंखा आणि फ्रिज बंद, पण फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून मी माझ्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवते. कॉलरचा छोटा माइक घ्या, एवढा खर्च करावाच लागेल, फोनचा स्वतःचा माइक पाच फुटांवरून खोली ऐकतो, माणूस ऐकत नाही. माइक हनुवटीच्या खाली साधारण एक वीत, आणि मंगळसूत्र, पदर, ओढणी त्याला घासत नाही ना हे हेडफोन लावून तपासा, काकूंचा पहिला दहा मिनिटांचा भाग माझा याच्यामुळे वाया गेला होता, प्रत्येक हालचालीला खरखर. शेजारी ड्रिल चालू झालं तर थांबा, वरून बोलून घेऊ असं करू नका. सगळं संपल्यावर कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, कापलेल्या दोन वाक्यांच्या मधे तो भरायला लागतो.

शूटच्या दिवशी दीड तास धरा. पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा काढायचाच नाही, पाणी, चहा, घर फिरून बघणं, आणि फिरताना कस्टमर आपणहून ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो तो लक्षात ठेवायचा. मग पंधरा मिनिटं मांडणी. फोन ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, विचारणारा लेन्सच्या अगदी शेजारी, आणि कस्टमरने विचारणाऱ्याकडे बघायचं, कॅमेऱ्याकडे नाही. फोन एअरप्लेन मोडवर. मुलाखत आडवी आणि ४के मध्ये घ्या, चेहरा मधोमध ठेवून, म्हणजे वेबसाइटला आडवी वापरता येते आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी त्यातूनच उभी कापली तरी चेहरा स्पष्ट राहतो. २५ मिनिटांचं ४के फोनप्रमाणे ४ ते ९ जीबी जातं, तेवढी जागा आदल्या दिवशी रिकामी करा. मधे एकदा तरी थांबवून परत सुरू करा, म्हणजे एक फाइल बिघडली तरी सगळं जात नाही.

मुलाखत झाल्यावरच बाकीचे शॉट घ्यायचे, आधी नाही. कारण कुठले शॉट लागणार हे उत्तरांवरून ठरतं. मी ऐकताना कागदावर फक्त वस्तू लिहिते. काकूंच्या वेळी कागदावर होतं: पलंग आणि खिडकी, देव्हारा, किचनचे डबे, कपाटामागची भिंत, हॉलची भिंत दुपारच्या उजेडात. एवढ्याच पाच गोष्टी, प्रत्येकीचा एक लांबून आणि एक जवळून, प्रत्येक शॉट दहा सेकंद फोन न हलवता, एकदा आडवा एकदा उभा. सासूबाई खिडकीपाशी पलंगावर बसून पेपर वाचतायत तो शॉट त्यांना विचारून घेतला आणि व्हिडिओ त्याच्यावरच संपवला. नुसता भिंतीवरून फोन फिरवत नेलेला शॉट कुणी बघत नाही, भिंतीपाशी माणूस काहीतरी करतोय असा घ्या.

आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते काम शूटच्या दिवशी करताच येत नाही, ते म्हणजे आधीचे फोटो. काम संपल्यावर जुनी भिंत कुठून आणणार. म्हणून आजपासून तिन्ही सुपरवायझरना सांगा की माप घ्यायला गेलात की घरमालकाला विचारून प्रत्येक खोलीचे दारात उभं राहून दोन फोटो आणि खराब जागांचे जवळून फोटो, दिवसा, दिवे बंद, फोनच्या साध्या लेन्सने, वाइड नाही. काम चालू असताना रोज एक, झाकलेलं सामान, पॅच, घासलेली भिंत. नंतरचा फोटो त्याच दारातून, त्याच वेळेला, त्याच लेन्सने. आधीचा रात्री ट्यूबखाली आणि नंतरचा सकाळच्या उन्हात असे जोडी लावून टाकणारे पुष्कळ आहेत, त्यात रंगाने फरक पडला की उजेडाने हे कुणालाच कळत नाही.

शूट कधी करायचं? काम संपलं त्या दिवशी नको, घर अस्ताव्यस्त असतं, बाई दमलेली असते. तीन-चार आठवड्यांनी जा, पडदे लागलेले असतात, टचिंगचं काही राहिलं असेल तर ते करून झालेलं असतं, आणि डाग पुसून बघितलेले असतात. ओलीचं काम केलेलं घर मात्र एक पावसाळा गेल्याशिवाय घेऊ नका. उन्हाळ्यात रंगवलेली ओलीची भिंत मे महिन्यात सुंदरच दिसते, ओल जर बाहेरच्या भिंतीच्या चिरेतून किंवा वरच्या बाथरूममधून येत असेल तर जुलैत ती परत फुगते, आणि तोपर्यंत तुमचा व्हिडिओ शंभर जणांकडे गेलेला असतो. कस्टमर उत्साहात 'आता कधीच ओल येणार नाही' म्हणाला तरी ते वाक्य कापा, त्याला पुढचं काय माहिती. 'या पावसाळ्यात आली नाही' हे तो सांगू शकतो, ते ठेवा. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले, त्यात पण हेच आहे की शिफारस करणाऱ्याचं मत खरं, अलीकडचं आणि अनुभवावर आधारलेलं पाहिजे, आणि त्याचा तुमच्याशी असा काही संबंध असेल ज्याने विश्वासावर फरक पडेल तर तो उघड सांगायला पाहिजे. म्हणजे व्हिडिओच्या बदल्यात बिलात सूट दिली असेल, किंवा तो तुमचा मावसभाऊ असेल, तर स्क्रीनवर स्पष्ट लिहा. मी तर म्हणते सूट देऊच नका, जाताना छान मिठाई न्या.

परवानगी कागदावर घ्या, साध्या मराठीत, एका पानात, व्हिडिओ कुठे कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. घरातल्या बाकीच्यांचं पण विचारा, भिंतीवरच्या फोटोतली मुलगी, शाळेच्या युनिफॉर्ममधला नातू, दारावरची पाटी, दाराचं कुलूप, कपाटाची तिजोरी, गेटवरचं सोसायटीचं नाव, हे काहीही फ्रेममध्ये नको. लोकांचं घर आहे ते, आणि तुमच्या व्हिडिओतून अनोळखी माणसाला घराची आतली रचना कळता कामा नये.

एडिटला बसायच्या आधी पूर्ण मुलाखत एकदा ऐकून चांगली वाक्यं वेळेसकट वहीत उतरवा. काकूंच्या २४ मिनिटांतून आम्ही ८० सेकंद ठेवले, चार वर्षं पुढे ढकललं, पलंग फिरवत भिंती केल्या, रंग निळा दिसला आणि पॅच लावले, बहिणीला काय सांगाल, एवढंच, आणि बिलाचं वेगळं ४० सेकंदांचं केलं जे मालक कोटेशन पाठवताना सोबत पाठवतो. दोन अर्धी वाक्यं जोडून तिसराच अर्थ निघेल असं काही करू नका. खाली मराठी अक्षरं टाका, बरेच लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, आणि कस्टमर जसं बोललाय तसंच लिहा, 'व्हतं' ला 'होतं' करू नका. मग फायनल व्हिडिओ आधी कस्टमरला पाठवा, त्याचा 'हो चालेल' असा मेसेज येईपर्यंत कुठेही टाकू नका.

तुमच्या त्या काकांकडे परत जा, पण बहिणीला पाठवा, आणि पहिला प्रश्न पुढे ढकलण्याचाच विचारा. कलर बिघडलेला जुना व्हिडिओ सुधारत बसू नका, ऑटो व्हाइट बॅलन्समुळे मधे मधे रंग बदलला असेल तर तो नंतर नीट होत नाही.